भरीव शाफ्टला हॅचिंग का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "कटिंग प्लेन शाफ्टच्या अक्षातून जातोय म्हणता आणि सेक्शनमध्ये टोकाचा छोटा तुकडा सोडून सगळं कोरं! वर सेक्शन ए-ए मध्ये मात्र पूर्ण गोल हॅच केलाय. एक काहीतरी चूक आहे. विद्यार्थ्यांनी यातून काय शिकायचं?"

चूक आहे, पण तुम्ही दाखवलीत तिथे नाही.

आकृतीतला शाफ्ट तीन पायऱ्यांचा आहे: ३०, ५० आणि ४० मिमी व्यासाचा. ३० च्या पायरीवर ८ मिमी रुंद, ४ मिमी खोल कीवे आहे, तर ४० च्या टोकाला १२ मिमीचं आंधळं छिद्र. हा शाफ्ट अक्षातून उभा कापला, तर छिद्र आणि कीवे सोडता आत दिसण्यासारखं काहीच नाही, नुसता भरीव धातू. म्हणून भरीव शाफ्ट, बोल्ट, पिन लांबीच्या दिशेने कापले तरी हॅच करायचे नाहीत, असा संकेत आहे. त्याचा खरा फायदा असेंब्लीत कळतो. बेअरिंग आणि गिअर हॅच केलेले, मधून कोरा शाफ्ट: नजर लगेच ठरते. सगळंच हॅच केलं तर भागांच्या कडा शोधत बसावं लागतं.

छिद्र मात्र दाखवायलाच हवं. तेवढ्यापुरता लोकल सेक्शन घेतला. त्याची हद्द हाताने काढलेली बारीक वाकडीतिकडी रेषा. ती ४० आणि ५० मधल्या पायरीच्या कडेवर आणून बसवू नका, नाहीतर तुटल्याची रेषा आणि खरी कड वेगळी ओळखू येत नाही.

सेक्शन ए-ए अक्षाला आडवा आहे, लांबीच्या दिशेचा नाही, त्यामुळे तो संकेत तिथे लागू होत नाही. ३० चा गोल ४५ अंशांत हॅच करायचा, कीवेची खाच कोरी. खाचेच्या तळापासून समोरच्या कडेपर्यंत २६ मिमी भरलं की खोली बरोबर आली.

आता माझी चूक. कटिंग प्लेन लाइनची टोकं जाड, मधला भाग बारीक साखळी रेषा, इथवर ठीक होतं. पण बाण मी ५० च्या पायरीकडे वळवले आणि सेक्शनमध्ये फक्त ३० चा गोल काढला. त्या दिशेने पाहिलं तर मागची मोठी पायरी दिसणारच, म्हणजे बाहेर ५० चा कोरा गोल हवा होता. बाण मोकळ्या टोकाकडे फिरवले की तो गोल आपोआप जातो. मी तेच केलंय, कारण कीवे दाखवायला मागचा गोल नकोच.

आयसोमेट्रिकमध्येही छिद्राच्या टोकाचा फक्त चतुर्थांश कापलाय. तिथे ४५ अंश चालत नाहीत, कारण चौरसाचा समभुज चौकोन झालेला असतो. उभ्या कापावर ६० अंश, आडव्या कापावर आडव्या रेषा. दोन्हीकडे अंतर मात्र एकच, कारण धातू एकाच तुकड्याचा आहे.