पट्टी आली, कॉल नाही. बाबांचं इन्सुलिन गेटवरून परत

मागच्या महिन्यात बाबांचं इन्सुलिन सोसायटीच्या गेटवरून परत गेलं. बर्फाच्या पिशवीत घालून आलेलं पार्सल. वॉचमनने सोसायटीच्या ॲपवरून फ्लॅटला कॉल लावला, कुणी उचलला नाही, डिलिव्हरीवाला पाच मिनिटं थांबला आणि गेला. मी ऑफिसात होतो. बाबा घरातच होते, फोनपासून हातभर अंतरावर, आणि जागे.

संध्याकाळी मी जरा चिडूनच विचारलं, "बाबा, उचलला का नाहीत?"

"उचलायला कॉल कुठे होता? फोन वाजला, वर एक पट्टी आली. तिला बोट लावलं तर पिन मागायला लागला. चष्मा शोधेपर्यंत पट्टी गेली."

मला आधी खरं वाटलं नाही. कारण तेच ॲप माझ्याही फोनवर आहे, आणि माझ्याकडे गेटचा कॉल आला की काळा पडलेला फोन उजळतो, पूर्ण स्क्रीनभर पाहुण्याचा फोटो आणि खाली दोन मोठी बटणं येतात. लॉक उघडावं लागत नाही. बाबांचा फोन तर माझ्यापेक्षा नवा, दिवाळीत घेतलेला. दोन्ही फोन अँड्रॉइड १४ वर, ॲपची आवृत्तीही एकच.

रविवारी वॉचमन काकांना विनंती करून चाचणी घेतली. दोन्ही फोन लॉक करून, स्क्रीन बंद करून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांना आमच्या फ्लॅटला कॉल लावायला सांगितला. दोन्ही फोन एकाच वेळी वाजले. माझ्यावर पूर्ण स्क्रीन, बाबांच्यावर लॉक स्क्रीनच्या वरच्या बाजूला बोटभर उंचीची पट्टी. तिच्यात बारीक अक्षरात पाहुण्याचं नाव आणि त्याखाली त्याहून बारीक दोन शब्द, होकाराचा आणि नकाराचा. बाबा ७४ वर्षांचे आहेत, हाताला थोडा कंप आहे. त्यांना त्या शब्दावर नेमकं बोट ठेवता येईना, ते पट्टीवरच पडे, आणि पट्टीवर बोट पडलं की फोन आधी लॉक उघडायला सांगे.

व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांनी तोवर निदान करून टाकलं होतं: "बॅटरी सेव्हर बंद करा." तो मी बंद केला, ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूटही दिली. काडीचा फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. बॅटरीवाल्या भानगडीत कॉल उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि फोन हातात घेतला की मिस्ड कॉलची रांग धडाधड उतरते. इथे कॉल अगदी वेळेवर येत होता. आवाज वेळेवर आणि स्क्रीन चुकीची, एवढं दिसलं की बॅटरीचा नाद सोडायचा.

मग नीट खोदलं. आणि जे कळलं ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आपल्याला वाटतं, कॉलची पूर्ण स्क्रीन ही एक वस्तू आणि वरची पट्टी ही दुसरी. अँड्रॉइडवर तसं नाही. अशी ॲप्स कॉल आला की एक नोटिफिकेशनच पाठवतात आणि त्याला एक चिठ्ठी जोडतात: "हे तातडीचं आहे, जमलं तर माझी अमुक स्क्रीन पूर्ण उघड." ती चिठ्ठी मानायची की नाही हे ॲप ठरवत नाही, फोन ठरवतो. तुम्ही फोन वापरत असाल तर फोन मुद्दामच चिठ्ठी बाजूला ठेवतो आणि फक्त पट्टी दाखवतो, म्हणजे तुमचं चाललेलं काम झाकलं जात नाही. हे बरोबरच आहे. फोन लॉक असेल किंवा स्क्रीन बंद असेल तर तो चिठ्ठी मानतो आणि पूर्ण स्क्रीन उघडतो. पण त्यासाठी ॲपला तशी परवानगी असावी लागते. ती नसेल तर लॉक फोनवरही पट्टीच.

(म्हणून चाचणी घेताना फोन हातात उघडा धरून "बघा, पट्टीच येते" म्हणण्यात अर्थ नाही. उघड्या फोनवर पट्टीच येणार. लॉक करा, स्क्रीन काळी होऊ द्या, मग कॉल लावायला सांगा.)

ही परवानगी अँड्रॉइड १० मध्ये, म्हणजे २०१९ मध्ये आली, पण तेव्हा ती नावालाच होती. ॲपने मागितली की इन्स्टॉल होतानाच मिळायची, तुम्हाला-मला कुणी विचारत नव्हतं. त्याचा व्हायचा तो गैरवापर झाला. काही वर्षांपूर्वी तुमच्या लॉक फोनवर अचानक पूर्ण स्क्रीनभर जाहिरात उभी राहिली असेल, तर त्यामागे हाच दरवाजा असू शकतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड १४ आलं आणि नियम घट्ट झाला: ज्या ॲपचं मुख्य काम कॉल घेणं किंवा अलार्म वाजवणं आहे, त्यालाच ही परवानगी आपोआप. बाकीच्यांची प्ले स्टोअर काढून घेतं, आणि हवी असेल तर ती वापरणाऱ्याने स्वतः चालू करायची.

आता सोसायटीचं ॲप बघा. त्यात मेंटेनन्सची बिलं आहेत, तक्रारी आहेत, क्लबहाऊसचं बुकिंग आहे, नोटिसा आहेत, आणि त्यातच एका कोपऱ्यात गेटचा कॉल आहे. मुख्य काम कॉल घेणं आहे, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? पण बाबांसाठी त्या ॲपचं तेवढंच काम आहे.

मग माझ्याकडे का चालतं? याचं उत्तर मिळालं तेव्हा हसूच आलं. अँड्रॉइड १४ चं अपडेट येण्याआधीपासून फोनवर जी ॲप्स होती, त्यांची परवानगी तशीच राहते. माझा फोन जुना, १३ वरून १४ वर गेलेला, ॲप त्याच्या कितीतरी आधीचं. बाबांचा फोन १४ घेऊनच डब्यातून निघाला आणि त्यावर ॲप नव्याने टाकलं. जुन्या भाडेकरूला जुनं भाडं, नव्याला नवं, असा प्रकार. म्हणूनच "माझ्याकडे तर येतं" हे वाक्य या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

बाबांच्या फोनवर मी हे केलं. सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात शेवटी स्पेशल ॲक्सेस, आणि त्यात ही ओळ:

`Settings > Apps > Special app access > Full screen notifications`

तिथे ॲप्सची यादी येते, प्रत्येकापुढे एक बटण. सोसायटीच्या ॲपचं बटण बंद होतं. चालू केलं. (प्रत्येक कंपनी सेटिंग्जची मांडणी आपल्या मनाने करते, त्यामुळे वाट सापडली नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत `full screen` टाइप करा. फोन अँड्रॉइड १३ किंवा त्याआधीचा असेल तर ही यादी शोधत बसू नका.) वॉचमन काकांना पुन्हा कॉल लावायला सांगितला आणि बाबांचा फोन टेबलावर पूर्ण उजळला. पिन नाही, चष्मा नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन घेऊन त्यांची सून आली. त्यांचं बटण मी चालू केलं, तरी काही होईना. पण त्यांची लक्षणं वेगळी होती: फोन वाजतही नव्हता आणि वरून पट्टी उतरतही नव्हती. कॉल नुसता नोटिफिकेशनच्या यादीत मुकाट जाऊन बसत होता. काकूंनी कधीतरी सोसायटीच्या रोजच्या नोटिसांना कंटाळून एका नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं होतं आणि `Silent` निवडलं होतं. अँड्रॉइडवर ॲप आपली नोटिफिकेशन्स कप्प्यांत विभागतं, आणि असा मुका होतो तो अख्खा कप्पा. त्या ॲपने नोटिसा आणि गेटचा कॉल एकाच कप्प्यात टाकलेत, त्यामुळे नोटिसांबरोबर कॉलही मुका झाला. कप्प्याचं महत्त्व एकदा माणसाने कमी केलं की ॲपला ते स्वतःहून परत वाढवता येत नाही, अपडेट आलं तरी नाही. ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये जाऊन तो कप्पा हातानेच परत आवाजाचा करावा लागला. म्हणजे आवाज आणि पट्टी दोन्ही आहेत पण पूर्ण स्क्रीन नाही, तर परवानगी बघा. आवाजही नाही, पट्टीही नाही, तर आधी कप्पा बघा.

आयफोनवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्याकडे `Incoming Calls` मध्ये `Banner` आणि `Full Screen` असा पर्याय २०२० पासून, आयओएस १४ पासून आहे, पण तो उघड्या फोनसाठी. लॉक आयफोनवर साधा कॉल पूर्ण स्क्रीनवरच येतो. एखाद्या ॲपचा कॉल लॉक आयफोनवर साध्या संदेशासारखा येत असेल, तर बहुधा ॲप बनवणाऱ्याने ॲपलची कॉलकिट नावाची सोय जोडलेली नाही. त्याला तुमच्याकडे बटण नाही, ॲपवाल्याकडेच तक्रार करा.

आता माझा राग कुणावर आहे ते सांगतो. नियमावर नाही. लॉक स्क्रीन माझी आहे, तिथे कुणी पूर्ण उभं राहायचं हे मला विचारलं जावं, हे मला पटतं. राग ॲपवाल्यांवर आहे. आपल्याला परवानगी आहे की नाही हे ॲपला `canUseFullScreenIntent()` या एका ओळीत विचारता येतं. नसेल तर "गेटचा कॉल पूर्ण दिसायला हे बटण चालू करा" असं सांगून माणसाला थेट त्या पानावर नेऊन सोडता येतं, ती सोयही अँड्रॉइडने दिलेली आहे. या ॲपने बाबांकडे लोकेशन मागितलं, कॉन्टॅक्ट्स मागितले, पाच तारे मागितले. जी एक परवानगी नसेल तर गेटवरून औषध परत जातं, तीच मागितली नाही. कंपनीला मेल केला आहे. "अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका" असं उत्तर आलं. पुन्हा टाकून पाहिलंही, आणि चालू केलेलं बटण परत बंद होऊन बसलं.

एक मात्र करू नका. त्या यादीत गेलात म्हणून दिसेल ते बटण चालू करू नका. माझ्या स्वतःच्या फोनवर त्या यादीत एका वॉलपेपरच्या ॲपचं बटण चालू सापडलं, तेही जुन्या भाड्यावर राहत होतं. बंद केलं.

इन्सुलिन दुसऱ्या दिवशी पुन्हा मागवलं, तोवर मेडिकलमधून एक पेन आणून काम भागवलं. परवा पार्सल आलं तेव्हा बाबांनी पहिल्याच बोटात होकार दिला आणि मला फोन करून सांगितलंही. काल मात्र त्यांची नवी तक्रार आली. पेपरवाला बिलासाठी आला होता, आणि त्याचा एवढा मोठा फोटो सकाळी सात वाजता उशाशी कशाला, म्हणे.

"त्याच्यापुरती ती पट्टी परत आणता येते का बघ."