होल्ट यांना ‘दोन दिवसांत मृत’ कोणी ठरवलं?

“ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट समुद्रात बेपत्ता झाले आणि सरकारने दोनच दिवसांत त्यांना कायद्याने मृत जाहीर केलं. ना मृतदेह, ना पुरावा, सात वर्षांचा नियमही धाब्यावर. काहीतरी लपवायचं होतं हे उघड आहे.”

हा दावा तपासताना आधी तारखा बघू. होल्ट १७ डिसेंबर १९६७ ला, रविवारी, व्हिक्टोरिया राज्यात पोर्टसीजवळच्या चेव्हियट बीचवर पोहायला उतरले. १९ तारखेला सरकारने सांगितलं ते एवढंच, की ते मरण पावले असावेत असं आम्ही धरून चालतो. त्याच दिवशी जॉन मॅक्यूएन यांचा शपथविधी झाला. देशाला पंतप्रधान हवा होता, म्हणून पद भरलं. माणूस कधी आणि कसा मेला हे ठरवणं कोरोनरचं, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं काम, आणि कोरोनरचा निष्कर्ष आला २ सप्टेंबर २००५ ला. म्हणजे दोन दिवस नव्हे, जवळपास अडतीस वर्षं लागली!

एवढा उशीर का? मृतदेह नसेल तर कोरोनरची चौकशी करायची सोयच तेव्हा व्हिक्टोरियाच्या कायद्यात नव्हती. ती १९८५ च्या कायद्याने आली. मग २००३ मध्ये पोलिसांनी बुडाल्याचा संशय असलेली, मृतदेह न सापडलेली १६१ जुनी प्रकरणं पुन्हा उघडली. होल्ट यांचं त्यांतलंच एक.

“ना पुरावा” हे तर सरळ चुकीचं आहे. किनाऱ्यावर सोबत माणसं होती, त्यांनी होल्ट यांना खवळलेल्या पाण्यात जाताना, ओढले जाताना आणि मग दिसेनासे होताना पाहिलं. बरोबरचा एक जण पाण्यात उतरला होता, पण पायाखालची ओढ जाणवताच तो पुढे गेला नाही. होल्ट यांचा खांदा दुखत होता आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते याच किनाऱ्यावर बुडता बुडता वाचले होते. पाणबुडे उतरवून मोठा शोध झाला, तो ५ जानेवारी १९६८ ला अधिकृतपणे थांबवला. केंद्र आणि राज्य पोलिसांच्या संयुक्त अहवालातही अपघाताखेरीज दुसरं काही सुचवणारा धागा नव्हता. कोरोनरने २००५ मध्ये मुख्यतः याच जुन्या जबाबांवर भिस्त ठेवून ‘अपघाताने बुडून मृत्यू’ असं नोंदवलं. नवा भौतिक पुरावा तेव्हाही नव्हता, हे मात्र मान्य करायला हवं.

राहिला सात वर्षांचा नियम. तो आपल्याकडच्या साक्ष कायद्यातही आहे आणि तो नेहमी उलटा वाचला जातो. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी, तसं म्हणणाऱ्यावर येते. त्याआधी मृत्यू सिद्ध करायला बंदी नाही, फक्त पुरावा द्यावा लागतो. लाटांत ओढला जाताना लोकांनी पाहिलेला माणूस आणि न सांगता घर सोडून गेलेला माणूस, या दोघांना एकच मोजपट्टी लागत नाही.

चिनी पाणबुडीने होल्ट यांना उचलून नेलं असंही सांगितलं जातं, पण ती गोष्ट १९८३ मधली, म्हणजे घटनेनंतर सोळा वर्षांनी आलेली. किनाऱ्यावरच्या कुणीही पाणबुडी पाहिल्याचं सांगितलेलं नाही.