बाथरूमच्या जुन्या टाइल्स काढण्याचा आग्रह का धरला: ग्राहकाच्या तक्रारीला आमचे उत्तर

“हॉलमध्ये जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या, पण बाथरूममध्ये मात्र जुन्या फोडल्याच पाहिजेत म्हणून अडून बसले. घरभर धूळ, आठवडाभर बाथरूम बंद, खर्च वाढला तो वेगळाच. दुसरा कंत्राटदार वरच्यावर लावून द्यायला तयार होता. काम वाढवण्याचाच प्रकार वाटला.”

नमस्कार. आपल्याला झालेला त्रास खरा आहे, आणि एकाच घरात दोन वेगळे निर्णय का घेतले हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

टाइलवर टाइल बसवताना नवी टाइल जुनीला धरून राहते आणि जुनी खालच्या मालाला. त्यामुळे वरचे अ‍ॅडेसिव्ह कितीही उत्तम असले, तरी खालची टाइल सुटलेली असेल तर त्याचा काही उपयोग होत नाही. म्हणून काम ठरवण्यापूर्वी आम्ही प्रत्येक टाइल मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठोकून पाहतो. आपल्या हॉलमध्ये सगळीकडे घट्ट, भरीव आवाज आला. बाथरूममध्ये मात्र नहाणी ट्रॅपभोवती आणि शॉवरखाली, म्हणजे साधारण एक तृतीयांश भागात, आवाज पोकळ येत होता. चारदोन टाइल्स पोकळ असत्या तर तेवढ्याच काढून, खड्डा भरून पुढे जाता आले असते.

शॉवरखालची एक टाइल आपल्यासमोर उचलली, तेव्हा ती पातळ पट्टीने अख्खी निघाली. तिच्या पाठीवर सिमेंटचा गोळा फक्त मध्यभागी चिकटलेला होता आणि कडा कोऱ्या होत्या. आदल्या दिवसापासून बाथरूम बंद असूनही खालचा माल ओला होता. सांध्यांतून उतरलेले पाणी खाली साठत होते. त्यावर नवा थर चढवला असता तर ते पाणी दोन थरांखाली कोंडले गेले असते, आणि त्याखालचे वॉटरप्रूफिंग तपासण्याची संधीही गेली असती. जुन्या टाइल्स काढण्यासाठी आम्हाला एवढे कारण पुरेसे होते.

दुसरी अडचण उंचीची होती. आपली नवी टाइल 9 मिलिमीटर जाडीची, आणि टाइल दाबून बसल्यावर तिच्याखाली अ‍ॅडेसिव्हचा सुमारे 4 मिलिमीटर थर राहतो, म्हणजे फरशी एकूण 13 मिलिमीटर वर आली असती. शेजारच्या बेडरूमची फरशी बदलायची नव्हती आणि दारापाशी बाथरूम तिच्यापेक्षा केवळ 15 मिलिमीटर खाली होते. उरलेल्या 2 मिलिमीटरवर, ट्रॅपच्या जाळीत केस अडकून पाणी तुंबले असते त्या दिवशी ते थेट बेडरूममध्ये गेले असते. दार खालून तासता येते, ट्रॅपची जाळीही वर घेता येते, पण हा फरक कशानेही परत मिळत नाही. शिवाय वरून बसवलेली टाइल जुनाच उतार उचलते आणि आपला जुना उतार ट्रॅपकडे पुरेसा नव्हता. आता तो दर मीटरला सुमारे 12 मिलिमीटर ठेवला आहे.

हॉलमध्येही वरच्यावर बसवण्याचे काम नुसते माल पसरून झालेले नाही. साधा सिमेंटचा माल पृष्ठभागाच्या बारीक छिद्रांत शोषला जाऊन धरतो, आणि चकचकीत टाइलवर अशी छिद्रेच नसतात. म्हणून आम्ही ग्राइंडरने जुन्या टाइल्सची चकाकी घालवली, तेलकटपणा धुऊन काढला, पॉलिमर असलेले अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने पसरले आणि नव्या टाइलच्या पाठीलाही त्याचा पातळ हात दिला. बसवलेली एक टाइल लगेच उचलून, पाठ पूर्ण माखली आहे ना, हेही पाहिले. भिंतीलगत स्कर्टिंगखाली थोडी फट मुद्दाम सोडली आहे, कारण फरशी उष्णतेने फुगते तेव्हा तिला सरकायला जागा लागते. नाहीतर घट्ट चिकटलेल्या टाइल्सही मध्येच वर उचलल्या जातात.

दुसऱ्या कंत्राटदाराने ठोकून पाहिले होते का आणि दारापाशी उंची मोजली होती का, हे त्यांना जरूर विचारावे. सगळ्या टाइल्स भरीव वाजत असत्या, गळती नसती आणि दारापाशी उंचीचा पुरेसा फरक उरत असता, तर बाथरूममध्येही आम्ही वरच्यावरच टाइल्स बसवल्या असत्या.

वाढलेला खर्च जुन्या टाइल्स काढणे, मलबा उचलणे आणि नवे वॉटरप्रूफिंग यांचा आहे; बिलात तिन्ही बाबी स्वतंत्र लिहिल्या आहेत. दाराला प्लास्टिक लावले तरी फोडकामाची धूळ पूर्ण थांबत नाही, हे मान्य आहे. बाथरूम बंद राहिल्याच्या काळात वॉटरप्रूफिंगवर 24 तास पाणी भरून ठेवण्याची चाचणीही धरलेली आहे. उचललेल्या टाइलचे आणि मोजमापांचे फोटो आमच्याकडे आहेत. आपण कळवल्यास लगेच पाठवतो.