आचारी, आचार्य आणि चार दिवस

ग्राहकाकडे मुदत मागण्यापेक्षा उसने पैसे मागणं सोपं. पैसे मागताना निदान चेहरा पाडता येतो.

काम होतं एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं. पानं ९६, म्हणजे सोळापानी सहा फर्मे. अंतिम पीडीएफ सोमवारी द्यायची होती आणि समारंभ त्यानंतरच्या पुढच्या रविवारी. निम्मे लेख जुन्या फॉन्टमध्ये आले होते. ते युनिकोडमध्ये आणले, तर कन्व्हर्टरने प्रत्येक ‘ऱ्य’चा ‘र्य’ करून ठेवला: कर्मचार्यांनी, शेतकर्यांना, पायर्या. वेळ वाचवायला मी सगळ्या ‘र्य’चा ‘ऱ्य’ करायला ‘सगळे बदला’ दाबलं. शुक्रवारी रात्री प्रूफ वाचताना पहिल्याच पानावर दिसलं, ‘आचाऱ्यांनी या संस्थेची मुहूर्तमेढ रोवली.’ मूळचे आचार्य स्वयंपाकघरात गेले होते. ज्यांना पीडीएफ द्यायची ते कार्याध्यक्षही ‘काऱ्याध्यक्ष’ झाले होते. आता प्रत्येक ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासण्यावाचून इलाज नव्हता, आणि एका दिवसात दीड फर्म्यापेक्षा जास्त तपासला की डोळे आचारी आणि आचार्य यांच्यात भेद मानेनासे होतात.

रात्रभर सबबी जुळवल्या. वीज गेली म्हणावं, तर कार्याध्यक्ष माझ्याच गल्लीत राहतात. आजारी आहे म्हणावं, तर संध्याकाळीच त्यांनी मला वडापाव खाताना पाहिलेलं.

शेवटी शनिवारी सकाळी आधी प्रेसवाल्याला फोन केला. हे शहाणपण मला उशिरा सुचलं: ज्याच्या मशीनवर काम चढायचं, त्याला न विचारता ग्राहकाला नवी तारीख देणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाहुणे जेवायला बोलावणं. तो म्हणाला, “सगळं एकदम कशाला पाहिजे? तयार फर्मे देत जा. शेवटचा शुक्रवारी सकाळी दिलास, तर बांधणी होऊन पुढच्या गुरुवारी प्रती देतो.”

मग कार्याध्यक्षांना फोन. “सर, सोमवारी सगळं होणार नाही. तीन फर्मे सोमवारी, दोन बुधवारी, जाहिरातींचा शेवटचा शुक्रवारी सकाळी. प्रती गुरुवारी हातात, समारंभाला तीन दिवस राखून.” आणि चुकीचं कारण जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे शांतता. “म्हणजे मी काय झालोय?”

“काऱ्याध्यक्ष, सर.”

ते बराच वेळ हसले. मी सुटलो असं वाटलं. “चार दिवस वाढलेच आहेत,” ते म्हणाले, “तर आमच्या मेहुण्यांची कविता राहिली होती, ती घेऊन टाका.”

‘मजकूर आता बंद’ एवढंच माझ्या योजनेत लिहायचं राहून गेलं होतं.

कविता पाच मिनिटांत आली, जुन्या फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरमधून काढली. पहिली ओळ होती, ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत.’