'लपतो' म्हणालात म्हणून – एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "लेख वाचला. बोलीच्या नावाखाली चुका खपवायचा हा नवा धंदा झालाय. तुम्ही तपासलेल्या त्या वऱ्हाडी संवादांच्या कादंबरीत एकाच पानावर 'पानी' आणि 'पाणी', कुठे 'मले' तर कुठे 'मला'. ज्याला नियम येत नाहीत तो बोलीमागे लपतो. तुम्ही प्रूफरीडर कमी आणि लेखकाचे वकील जास्त वाटता. आणि बाकीच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला हे कळायचं कसं? तळटिपा का नाहीत?"

उत्तर:

काल रात्रीच वाचलं होतं, पण रागात काहीबाही लिहिलं जाईल म्हणून थांबलो. सकाळ झाली, राग काही गेलेला नाही, तेव्हा लिहूनच टाकतो. मतभेद असू देत हो, पण ओळख ना पाळख, आणि थेट 'धंदा', 'लपतो', 'वकील'? समोरासमोर बसलो असतो तर बोलला असतात का असं?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. त्या पानावर आईच्या तोंडी एकदा 'पाणी' राहिलंय, तिथे 'पानी' हवं होतं. दुसऱ्या प्रूफात माझ्या नजरेतून सुटलं, चूक माझी. पण त्याच पानावरचं दुसरं 'पाणी' मास्तरांच्या तोंडी आहे आणि मास्तर बाहेरगावचे आहेत, त्यामुळे ते तसंच पाहिजे. 'मला'चंही तेच, मुलगी घरात 'मले' म्हणते आणि वर्गात उभी राहिली की 'मला' म्हणते. तुम्ही शब्द मोजलेत, कोण कोणाशी बोलतंय ते बघितलं नाहीत.

आता 'लपतो'. मी अकोला जिल्ह्यातला. चौथीत असताना वर्गात "मले पानी पाह्यजे" म्हटलं म्हणून मला अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. नंतर शुद्धलेखन इतकं घोटलं की आज बावीस वर्षं त्याच्यावर पोट भरतोय. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा आणि 1972 मध्ये वाढवलेले चार, असे अठराही नियम मला पाठ आहेत, त्यामुळे ते मला कोणी शिकवू नयेत. आणि त्या नियमांतच पात्राचे उच्चार दाखवायला 'असं केलं', 'त्यांनी सांगितलं' अशी अनुस्वाराची रूपं लिहायची सोय आहे, चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मूळ जसं असेल तसं छापा असंही त्यांत आहे. म्हणजे माणूस बोलतो कसा याला जागा आहे हे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं.

नियम न येणारा कुठे चुकतो ते सांगतो. तो 'परिक्षा' लिहितो, 'आशिर्वाद' लिहितो, 'विहिर' लिहितो. मोठ्याने वाचून बघा, 'विहिर' आणि 'विहीर' यांत बोलताना काही फरक पडतो का? नाही पडत. म्हणजे ती चूक फक्त कागदावरची आहे, तिच्यातून कोणाचा आवाज येत नाही, ती सुधारायची. 'इहीर' मात्र वेगळं ऐकू येतं, तो माणूस तसंच म्हणतो. या लेखकाने निवेदन प्रमाण मराठीत लिहिलंय आणि त्यात 'विहिर' सात ठिकाणी होतं, सातही ठिकाणी मी 'विहीर' केलं. बापाच्या तोंडची 'इहीर' एकदाही हलवली नाही. निवेदनात "मण भरून आलं" असंही एकदा होतं. वऱ्हाडीत ण चा न होतो ना, मग लिहिताना आपलं चुकतंय या धाकाने माणूस नको तिथेही ण लावतो. मण म्हणजे चाळीस शेर, तिथे बोली नव्हती, धाक होता. ते 'मन' केलं. ही वकिली आहे का?

हा कानाचा निकष शब्दाच्या रूपापुरता. क्रियापदं आली की तो पुरत नाही, तिथे अर्थ बघावा लागतो आणि तिथेच शुद्ध करणारे सगळ्यात जास्त नासधूस करतात. माझ्याकडे प्रूफं आली तेव्हा आधी एकाने हात फिरवलेला होता. आई सकाळी वावरात निघताना मुलीला म्हणते, "शायेतून आली का बकरीले पानी देजो." त्याने 'देजो' खोडून 'दे' केलं होतं. आता 'दे' म्हणजे लगेच दे, आणि 'देजो' म्हणजे मी इथे नसताना, नंतर, आठवणीने दे. पुढच्या प्रकरणात मुलगी ते विसरते आणि सगळं रामायण त्यावरून घडतं, तर 'दे' केल्यावर विसरायला राहिलं काय? दुसरं, "तू काय करून रायली?" याचं त्याने केलं होतं "तू काय करत राहिलीस?" वऱ्हाडीत 'करून रायली' म्हणजे आत्ता या क्षणी काय करतेयस एवढंच, त्यात इतका वेळ काय करत बसलीस असा ठपका नाही. खोडणाऱ्याने प्रेमाने विचारणाऱ्या बाईला खाष्ट करून टाकलं. दोन्ही ठिकाणी शब्दाखाली टिंबं देऊन समासात 'तसंच ठेवा' लिहिलं आणि ते का हेही लिहिलं, नाहीतर पुढच्या फेरीत पुन्हा कोणीतरी खोडतंच.

आणि हे मी मनाला येईल तसं करत नाही. पहिलं वाचन पेन न घेता करतो. दुसऱ्याला वही घेतो, एकेका पात्राला एक पान, त्यावर रूप, पान क्रमांक, आणि समोर कोण आहे ते. आजीच्या पानावर 'काहून' चौदा वेळा निघालं आणि 'का' एकदाच, लेखकाला फोन केला, तो म्हणाला टायपिंगमध्ये झालं, बदललं. बापाच्या पानावर सगळीकडे 'आमी' आणि एकाच जागी 'आम्ही', तेही तलाठ्यासमोर. लेखक म्हणाला, तिथे तो कागद पुढे करून जपून बोलतो, ठेवा. दोन्ही ठिकाणी आकडे सारखेच दिसतात आणि निर्णय उलटे. म्हणून मी संख्या बघून शंका काढतो, दुरुस्ती करत नाही. लेखकाकडेही उत्तर नसेल तर बहुसंख्य रूप घेतो, हट्ट करत नाही.

सगळं एकसारखं करायच्या नादात काय होतं तेही बघितलंय. एका छापखान्यात, नाव घेत नाही, कोणीतरी कॉम्प्युटरवर 'मले'च्या जागी 'मला' अशी एकदम बदली मारली. 'मले' सगळे गेलेच, पण 'लोक जमले'चं 'लोक जमला' झालं, 'बैल दमले'चं 'बैल दमला'. तीनशेवर पानं पुन्हा मूळ प्रतीशी ताडून बघावी लागली आणि अकरा दिवस त्यात गेले, ते मी घालवले, आणि मला लपतो म्हणताय.

तळटिपांचं म्हणाल तर ते लेखक आणि प्रकाशक ठरवतात, मला विचारू नका. वाचकाला कळणार नाही ही काळजीही राहू द्या, 'मले' आणि 'काहून' दहा पानांत कळतात, कळून घ्यायचं असेल तर.

आईच्या तोंडचं ते 'पाणी' पुढच्या आवृत्तीसाठी आज सकाळीच प्रकाशकांना कळवलंय. अशी अजून कुठे सापडली तर पान आणि ओळ लिहून पाठवा, बघतो. फक्त ते वाक्य कोणाच्या तोंडी आहे तेवढं आधी वाचून घ्या.