मनगटावरच्या प्रिव्ह्यू फोटोबद्दल

ग्राहकाचा अभिप्राय (दोन स्टार): "व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत घड्याळ माझ्या हातावर एकदम नेटकं दिसत होतं, शर्टाच्या बाहीखाली अर्धं गेलेलं. प्रत्यक्षात थाळीएवढं निघालं, कफचं बटण लागत नाही. डायल निळा समजून घेतला, तो जवळजवळ काळाच आहे. असले फोटो दाखवून गिऱ्हाईकाला का फसवता?"

नमस्कार दादा. तुमच्या मनगटाचा फोटो आणि त्यावर घड्याळ बसवून आम्ही केलेलं काम काल रात्री दुकान बंद केल्यावर परत उघडून बघितलं. चूक आमची आहे, आणि कुठे झाली ते सांगतो. गडहिंग्लज, आजऱ्याहून लोक राजारामपुरीत न येता या फोटोंच्या भरवशावर घड्याळ घेतात, त्यांनाही ते कळलं पाहिजे.

मापासाठी आम्ही तुम्हाला एटीएम कार्ड शेजारी ठेवून फोटो काढायला सांगितलं होतं. कार्ड 85.6 मिलिमीटर लांब असतं, त्यावरून फोटोतलं माप काढता येतं. पण तुम्ही कार्ड टेबलावर ठेवलं आणि मनगट त्याच्यापेक्षा सहाएक सेंटिमीटर उंच होतं. मोबाइल टेबलापासून 36 सेंटिमीटरवर धरला असेल, तर मनगट 30 वर येतं. लांबचं कार्ड सहाव्या हिश्श्याने लहान दिसतं. आम्ही त्या लहान कार्डाच्या मापाने घड्याळ बसवलं, म्हणजे 42 मिलिमीटरचं घड्याळ तुमच्या हातावर 35 चं दिसलं. त्याच हिशेबाने तुमचं मनगट फोटोत 66 मिलिमीटर रुंद भरत होतं. तुम्ही घेर साडेपंधरा सेंटिमीटर कळवला होता. एवढ्या घेराचं मनगट 55 च्या आसपास असतं. तो आकडा आम्ही फक्त पट्ट्यासाठी लिहून घेतला, फोटोशी ताडून बघितला नाही. तिथंच हे पकडायला पाहिजे होतं.

पट्ट्याकडे बघितलं तरी कळलं असतं. या घड्याळाचं एका लगपासून दुसऱ्या लगपर्यंतचं, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांमधलं अंतर 50 मिलिमीटर आहे. 55 च्या मनगटावर दोन्ही बाजूंना वरून जेमतेम अडीच-अडीच मिलिमीटर पट्टा दिसायला हवा, कारण लगपासून तो लगेच खाली वळतो. आमच्या फोटोत, त्याच 66 च्या हिशेबाने, तो आठ-आठ भरत होता आणि हळूहळू वळत होता. शिवणीचे टाके कडेपर्यंत सारख्याच अंतरावर होते, तेही चूक. पट्टा वळून खाली जातो तिथे टाके एकमेकांजवळ आलेले दिसले पाहिजेत.

बाहीचं तर जास्तच वाईट झालं. फोटोतला कफ तुमच्या मोकळ्या मनगटावर बटण लावून टेकलेला होता. आमच्या मुलाने तो कापून घड्याळावर ठेवला, कडा मऊ केली, खाली सावली दिली. दिसायला सुंदर काम, पण 12.5 मिलिमीटर जाडीचं घड्याळ तशा कफखाली जाऊच शकत नाही. शिवाय बाहीने घड्याळाची एक बाजू झाकली, म्हणून आकाराचा अंदाज तुम्हालाही आला नाही. कफखालून घड्याळ जाईल का हे घरीच बघता येतं: बटण लावून कफखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे.

डायलचा रंग. तुमच्या खिडकीचा उजेड डावीकडून होता, म्हणून काचेवर तशीच चमक टाकली. ती फोटो एडिटिंगच्या `Screen` मोडमध्ये टाकतात आणि तो मोड खालचा गडद रंग उजळवतो. आम्ही चमक डायलभर पसरवली आणि गडद निळा आकाशी झाला. खऱ्या काचेवर ती कडेला एक पट्टी असते, मधे डायल स्वच्छ दिसतो.

आजपासून कार्ड बंद. 10 रुपयांचं नाणं, 27 मिलिमीटरचं, मनगटावरच, डायल येतो त्या जागी ठेवून फोटो मागतो. बाही वर सरकवलेली हवी. काच नाण्याच्या सेंटिमीटरभर वर असते, त्यामुळे मिलिमीटरला मिलिमीटर जुळणार नाही, पण सात मिलिमीटरची चूक परत होणार नाही. डायलसाठी तेच घड्याळ दुकानाच्या दारात उजेडात धरून काढलेला फोटो वेगळा पाठवू.

तुमचं घड्याळ परत घेतो, कुरिअरचा खर्च आमचा, पैसे पूर्ण मिळतील. याच घड्याळात 38 मिलिमीटरचं येतं, लगमधलं अंतर 45 आणि जाडी 10. हवं असेल तर नाणं ठेवून एक फोटो पाठवा, या वेळी तो मी स्वतः करतो.