खानावळीच्या ताटातलं न दिसणारं तेल

"सोलापूरकरांनो, वजन कमी करताना बाहेरचं खाणं सोडायची गरज नाही. ॲपमध्ये पदार्थाचं नाव टाका, येईल तो आकडा धरा. ज्वारीची भाकरी बिनधास्त खा, ज्वारीने कोणी जाड होत नाही. शेंगाचटणी तोंडी लावायची वस्तू आहे, ती मोजत बसू नका. रश्श्यावरचा तवंग बाजूला केला की तेल गेलं. आणि आठवड्यात एकदोन जेवणांचा हिशेब चुकला तर काही बिघडत नाही."

हा निरोप गेल्या महिन्यात मला चार जणांकडून आला. त्यातले एक आमचे दाजी. ते खरोखर मन लावून चरबी कमी करायला निघालेत आणि आठवड्यातून दोनदा खानावळीत जेवतात. त्यांच्याच ताटावर मी हे सगळं मोजून पाहिलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो. पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. बाहेरचं खाणं सोडायची गरज नाही. अडचण त्यापुढच्या वाक्यांत आहे.

ॲपपासून सुरुवात करतो. 'मटण रस्सा, एक वाटी' अशा बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. वाटी केवढी, तेल किती, हे त्यात लिहिलेलं नसतं. दाजींच्या ॲपमध्ये मटण आणि रस्सा मिळून एका वाटीला २२० कॅलरी दाखवत होतं. मी त्यांना तीच नोंद उघडायला सांगून स्निग्धांशाचा आकडा पाहिला. तो होता ८ ग्रॅम. चहाच्या एका चमच्यात साधारण साडेचार ग्रॅम तेल मावतं. म्हणजे त्या नोंदीप्रमाणे मटणाची स्वतःची चरबी आणि फोडणीचं तेल मिळून दोन चमचेसुद्धा होत नव्हते. समोरच्या वाटीत लाल थर डोळ्यांना दिसत असताना ही नोंद आपल्या जेवणाची नाही, हे तिथेच कळतं. कुठलीही नोंद निवडण्याआधी ही एक तपासणी करा. कॅलरीचा आकडा नंतर बघा, आधी स्निग्धांश बघा आणि तेवढं तेल चमच्यात कसं दिसेल ते डोळ्यांसमोर आणा. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी आणि कर्बोदकांच्या किंवा प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४, त्यामुळे अंदाज बहुतेक वेळा तेलातच चुकतो.

या बाबतीत गाडा हॉटेलपेक्षा बरा, कारण गाड्यावर सगळं समोर चालतं. पार्क चौपाटीवर पावभाजी घेताना तव्याशी उभे राहा. बटरच्या १०० ग्रॅमच्या वडीत सुमारे ७२० कॅलरी असतात. वडीचा कितवा भाग तुमच्या भाजीत गेला, किती पावांवर फिरला, हे मोजता येतं. चौथा हिस्सा तुमच्या वाट्याला आला तर १८० कॅलरी नुसत्या बटरच्या. हॉटेलात हेच स्वयंपाकघराच्या दाराआड होतं आणि आपण पदार्थाच्या नावावर विसंबतो.

आता ज्वारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ज्वारीला १०० ग्रॅममागे सुमारे ३३४ कॅलरी दिल्या आहेत, गव्हाच्या कणकेला सुमारे ३२०. म्हणजे पिठापिठात ज्वारी हलकी नाही. भाकरीचा खरा फायदा दोन गोष्टींत आहे. तिला तेल लागत नाही आणि ती पोटात टिकते. पण भाकरी केवढी, हे बघावंच लागतं. घरी मी १०० ग्रॅम पिठाची भाकरी थापली, ती तव्यावरून उतरली तेव्हा १६० ग्रॅम भरली. वाढलेलं वजन पाण्याचं. खानावळीतून एक भाकरी बांधून आणली, ती १२० ग्रॅमची निघाली. त्याच प्रमाणाने तिच्यात ७५ ग्रॅम पीठ, म्हणजे २५० कॅलरी. ॲपमधली भाकरी १२० कॅलरीची होती, निम्म्याहूनही कमी.

आपल्याकडे यात आणखी एक फसगत होते, ती कडक भाकरीची. ती वाळलेली, पातळ, हातात हलकी लागते. तेवढ्याच पिठाची मऊ भाकरी १२० ग्रॅम भरते आणि पूर्ण वाळल्यावर ७० च्या आसपास येते. पाणी उडतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. म्हणून मऊ भाकरीच्या नोंदीत कडक भाकरीचं वजन टाकलं की हिशेब सरळ चाळीस टक्क्यांनी खाली येतो. कडक भाकरीचं वजन हे पिठाचंच वजन समजा आणि नोंद ज्वारीच्या पिठाची निवडा.

चटणीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकला, कारण ही आपल्या गावाची ओळख आहे आणि मी स्वतः तिच्याशिवाय जेवत नाही. सोलापुरी चटणी कुटताना शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटतात. चव आणि कॅलरी, दोन्हींचं मूळ त्या तेलात आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे ५२० कॅलरी असतात. लसूण, तिखट, मीठ मिसळल्यावर चटणी ५०० च्या घरात धरायला हरकत नाही. दाजी ताटात चटणीचा जो ढीग घेतात तो मी वाटीत काढून काट्यावर ठेवला. ३० ग्रॅम भरला, म्हणजे १५० कॅलरी. वर ते मध्ये खड्डा करून कच्चं तेल ओततात. त्यांना नेहमीसारखं ओतायला सांगून मोजलं, १० मिली निघालं. त्याच्या आणखी ८० कॅलरी. तोंडी लावणं म्हणून जे हिशेबात धरायचंच नव्हतं, ते २३० वर गेलं. जवळजवळ एक अख्खी भाकरी झाली. दही घालून चटणी कालवली तर चमचाभर दह्याच्या दहाएक कॅलरी होतात आणि तेलाची आठवणही येत नाही. हा बदल दाजींनी विनातक्रार मान्य केला.

तवंगाचं मात्र अर्धं खरं आहे, म्हणून ते नीट पाहायला हवं. एकाच खानावळीतून, एकाच वेळी रश्श्याची दोन पार्सलं घेतली, प्रत्येकी साधारण २५० मिली. पहिलं ताटलीत ओतलं आणि जेवताना करतो तसं चमच्याने दोन मिनिटं वरचं काढत बसलो. काढलेलं सगळं काचेच्या अरुंद पेल्यात ठेवलं, खाली रस्सा आणि वर तेल वेगळं होऊ दिलं. शुद्ध तेल निघालं ९ ग्रॅम. दुसरं पार्सल उंच पेल्यात तासभर न हलवता ठेवलं आणि मग वरचा थर काढला, तो २२ ग्रॅम भरला. म्हणजे जेवताना काढल्याने निम्म्याहून कमी तेल गेलं. बाकीचं रश्श्यातच फिरत होतं, कारण उकळत्या रश्श्यात तेलाचे बारीक थेंब वाटणात अडकून बसतात आणि वर यायला वेळ लागतो. दाण्याच्या कुटातली आणि खोबऱ्यातली चरबी तर तासाभरानेही वर येत नाही, ती वाटणातच राहते. रस्सा जितका दाट, तितका तवंग बघून केलेला अंदाज कमी पडणार.

त्यातही भाकरी कुस्करल्यावर तवंग काढायला गेलात तर फारसं हाती लागत नाही, कारण वरचं तेल कुस्कऱ्यात मुरलेलं असतं. काढायचंच असेल तर वाटी पाच मिनिटं तशीच ठेवा, मग काढा, मग कुस्करा. याहून सोपा उपाय वाढणाऱ्याकडे आहे. "मामा, तर्री नको, खालून घाला," एवढं म्हटलं की तो पळी तळाशी घालतो. पार्सल घेताना हे आवर्जून सांगा, कारण पार्सल भरताना पळी वरच्या वरच फिरते. आणि रस्सा पुन्हा वाढून घेतला तर ती दुसरी वाटी दुसरी म्हणूनच लिहा.

आता दाजींचं एक पूर्ण ताट. दोन भाकऱ्या ५००. हाडं वगळून १०० ग्रॅम मटण, अंदाजे १९०. रश्श्यात २२ ग्रॅम तेलाचे २००, दाण्याखोबऱ्याच्या वाटणाचे ८०, कांदा-मसाल्याचे ३५, मिळून ३१५. चटणी आणि तेल २३०. शेवटी भात, शिजलेला १५० ग्रॅम, १९५. बेरीज १४३०. त्याच रात्री ॲपमध्ये त्यांनी लिहिलं होतं ६५५. फरक ७७५ चा. भात बरोबर होता. भाकरीत २६०, मटण-रश्श्यात २८५ आणि चटणीत २३० राहून गेले होते. माझे आकडेही अंदाजच आहेत. मटणाचा तुकडा चरबीचा निघाला किंवा त्या दिवशी आचाऱ्याचा हात सैल असला तर शंभर-दीडशे इकडेतिकडे होतील. पण ७७५ ची चूक आचाऱ्याच्या हाताने होत नाही.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे. दाजी रोज ४०० कॅलरी कमी खायचं ठरवून चालले होते. आठवड्याची तूट २८००. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला ३६० ग्रॅम आणि चार आठवड्यांत जवळजवळ दीड किलो उतरायला हवं होतं. दोन जेवणांत मिळून १५५० ची चूक धरली तर आठवड्याची तूट उरते १२५०, आणि चार आठवड्यांत उतरतात साधारण ६५० ग्रॅम. दाजींची आठवड्याची सरासरी चार आठवड्यांत ८४.६ वरून ८४.० वर आली होती. त्यांची रोजची गरजच आम्ही थोडी जास्त धरली असेल, अशीही शक्यता आहे. तरी कुठे शोधायचं ते या सरासरीवरून कळलं.

सरासरीच बघा, एका सकाळचं वजन नको. रविवारी रात्रीच्या जेवणानंतर सोमवारी सकाळी दाजींचा काटा १.२ किलो वर गेला आणि ते हादरले. तेवढी चरबी एका रात्रीत चढायला गरजेवर ९००० हून जास्त कॅलरी खाव्या लागतील. ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी होतं आणि पोटात असलेलं अन्न. बुधवारी ते गेलं. उलटही होतं. काटा बुधवारी खाली आला म्हणून रविवारचं जेवण हिशेबात बसलं, असं समजू नका.

दाजी आता खानावळीत दोन भाकऱ्या आणि मटण पूर्वीसारखंच घेतात. रस्सा खालून मागतात, त्यात ८ ते १० ग्रॅम तेल धरतात. चटणी एक चमचा, दह्यात. भात सोडला, कारण त्यांना तो भाकरीइतका आवडतही नव्हता. बेरीज साडेनऊशेच्या आसपास येते. वहीत मात्र ते एक आकडा लिहीत नाहीत. '९०० ते १०५०' असं लिहितात आणि आठवड्याच्या बेरजेत वरचा धरतात.